दोन फोन, आठ स्क्रीनशॉट आणि एक तक्ता

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा-वीस दिवस माझ्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न येत राहतो. दोन फोनचे दोन स्क्रीनशॉट आणि खाली एक ओळ : "आपा, ह्यातला कुठला घेऊ?" विचारणारी बहुधा माझ्या एखाद्या विद्यार्थ्याची अम्मी असते. घरातला पैसा तिला पै-पैने माहीत असतो, पण फोनच्या जाहिरातीतले आकडे तिच्याशी सरळ बोलत नाहीत. म्हणून मी उत्तर देण्याऐवजी तक्ता करायला सांगते. वहीचे एक पान, उभ्या तीन रकाने. पहिल्यात मुद्दा, दुसऱ्यात एक फोन, तिसऱ्यात दुसरा.

गेल्या काही वर्षांत अशी बरीच पाने भरली. त्यातले एक इथे मांडते, कारण त्यात जवळजवळ सगळ्या खाचाखोचा एकत्र आल्या होत्या. फोन होते मोटोरोलाचा मोटो जी३४ ५जी आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एम१४ ५जी. मुलगा अकरावी सायन्सला, हातकणंगल्याहून रोज एसटीने कोल्हापूरला येणार. सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी सहाला घरी. फोनवर काम म्हणजे क्लासच्या पीडीएफ, व्हिडिओ आणि वर्गाचा ग्रुप. अब्बांनी सांगितलेली मर्यादा चौदा हजार, त्यात सगळे आले पाहिजे, आणि सूद नको.

तक्ता भरण्याआधी स्क्रीनशॉट पुरेसे आहेत का, हे पाहावे लागते. एका फोनचा एक स्क्रीनशॉट कधीच पुरत नाही; चार लागतात. पहिला नावाचा, ज्यात रॅम आणि स्टोरेज लिहिलेले दिसते. दुसरा किमतीचा. तिसरा डब्यात काय-काय मिळते त्याचा. चौथा खाली सरकत गेल्यावर येणाऱ्या सविस्तर माहितीचा. नावाचा स्क्रीनशॉट चुकला तर पुढचे सगळे चुकते, कारण एकाच फोनचे दोन-तीन प्रकार एकाच पानावर विकायला असतात. अम्मीने पाठवलेल्या चित्रात मोटोचे नाव आठ जीबीच्या प्रकारासह होते आणि किंमत मात्र चार जीबीच्या प्रकाराची. वरचे बटण बदलले की किंमत बदलते, हे लक्षात न घेता दोन वेळी दोन चित्रे काढली होती.

दुसरी गोष्ट तारखेची. किंमत रोज हलते, म्हणून दोन्ही फोनचे स्क्रीनशॉट एकाच दिवशी काढलेले हवेत. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावातच तारीख असते, उदाहरणार्थ `Screenshot_20240612-101530`. पण तेच चित्र व्हॉट्सॲपवरून आले की नाव `IMG-20240612-WA0003` असे होते, आणि त्यातली तारीख चित्र तुमच्याकडे आल्याची असते, काढल्याची नव्हे. भाच्याने कधीकाळी काढून ठेवलेले चित्र आज पाठवले तर ते आजचेच वाटते. तेव्हा ज्याने चित्र काढले त्याच्याच फोनमध्ये तारीख पाहावी, नाहीतर पान पुन्हा उघडून नवे काढावे. खालच्या तक्त्यात मी दोन्ही फोन भारतात पहिल्यांदा विक्रीला आले तेव्हाच्या किमती धरल्या आहेत. तुम्ही तक्ता करताना त्या दिवशीच्या टाकायच्या.

तिसरा नियम माझ्या वर्गातल्या मुलांनाही पाठ आहे : जे चित्रात दिसत नाही तिथे "दिसत नाही" असे लिहायचे. अंदाज लिहायचा नाही आणि दुसऱ्या फोनवरून ओढूनही आणायचे नाही.

आता तक्ता.

| मुद्दा | मोटो जी३४ ५जी | गॅलॅक्सी एम१४ ५जी |
|---|---|---|
| प्रकार | ८ जीबी रॅम, १२८ जीबी | ४ जीबी रॅम, १२८ जीबी |
| किंमत, एकरकमी | ₹११,९९९ | ₹१३,४९० |
| डब्यात चार्जर | आहे | नाही |
| पडदा | ६.५ इंच, ७२० × १६०० ठिपके | ६.६ इंच, १०८० × २४०८ ठिपके |
| बॅटरी | ५००० एमएएच | ६००० एमएएच |
| सुरक्षा अपडेट | ३ वर्षे | ४ वर्षे |
| बाजारात आला | जानेवारी २०२४ | एप्रिल २०२३ |

सॅमसंगचा सहा जीबीचा प्रकारही होता, पण तो ₹१४,९९० ला आला होता. मर्यादेच्या बाहेर, म्हणून तो तक्त्यात घेतला नाही.

पान भरले म्हणजे काम संपले असे नाही. दोन्ही रकान्यांतले आकडे एकाच मापाचे आहेत का, हे तपासायचे राहते. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर आणि देताना कमी मोजणाऱ्यांना तंबी दिली आहे. तक्ता करणाऱ्यालाही ती लागू पडते : दोन्हीकडे तराजू एकच हवा.

आधी रॅम पाहू. मोटोच्या जाहिरातीत सोळा जीबीपर्यंत रॅम असे मोठ्या अक्षरांत येते, सॅमसंगच्या सहा जीबीच्या प्रकाराच्या जाहिरातीत बारापर्यंत. त्यातली निम्मी खरी रॅम नसते. फोन आपल्याच स्टोरेजमधली थोडी जागा रॅमसारखी वापरतो, आणि ती खऱ्या रॅमपेक्षा बरीच मंद असते. म्हणून रकान्यात फक्त खरी रॅम लिहायची : एकीकडे आठ, दुसरीकडे चार. चार जीबीवर व्हिडिओ थांबवून पीडीएफ उघडली आणि परत व्हिडिओकडे आलो, तर तो पहिल्यापासून सुरू होण्याची शक्यता जास्त. क्लासच्या मुलाचे दिवसभराचे काम नेमके तेच आहे.

मग पडदा. इथे मोटोची जाहिरात १२० हर्ट्झ सांगते आणि सॅमसंगची फुल एचडी. ही दोन वेगळी मापे आहेत. हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नवे होते. त्याने सरकवताना गुळगुळीत वाटते. अक्षर किती रेखीव दिसेल हे ठिपक्यांवर ठरते. हिशेब केला तर मोटोच्या एका इंचात सुमारे २७० ठिपके बसतात, सॅमसंगच्या एका इंचात सुमारे ४००. रसायनशास्त्राच्या पीडीएफमधली समीकरणांतली बारीक अक्षरे आणि उर्दू नस्तालीकमधले नुक्ते सॅमसंगवर जास्त स्वच्छ दिसणार, यात वाद नाही. हा मुद्दा सॅमसंगचा.

अपडेटच्या ओळीत मात्र डोळ्यांना फसवणारे काहीतरी आहे. तीन विरुद्ध चार वर्षे, म्हणजे सॅमसंग एक वर्षाने पुढे, असे वाटते. पण ही वर्षे आपण फोन विकत घेतो त्या दिवसापासून सुरू होत नाहीत. फोन बाजारात येतो तेव्हापासून मोजतात. जानेवारी २०२४ मध्ये तीन मिळवा : जानेवारी २०२७. एप्रिल २०२३ मध्ये चार मिळवा : एप्रिल २०२७. फरक एक वर्षाचा नाही, तीन महिन्यांचा. म्हणून या ओळीत वर्षे न लिहिता शेवटचा महिना लिहावा. ज्या फोनवरून घरचे यूपीआयचे व्यवहार होतात, त्याची सुरक्षा कधी संपते हे घरात माहीत असायलाच हवे.

आता पैसा. किमतीच्या स्क्रीनशॉटवर तीन-चार आकडे असतात : खोडलेली एमआरपी, आजची किंमत, ठरावीक बँकेच्या कार्डावर मिळणारी किंमत आणि जुना फोन दिल्यावरची किंमत. आपल्याकडे ते कार्ड नसेल आणि द्यायला जुना फोनही नसेल, तर आपल्यापुरता आकडा एकच, आजची किंमत. त्याच्याच शेजारी "नो कॉस्ट ईएमआय" असते. नाव ऐकून व्याज नाही असे वाटते. प्रत्यक्षात बँक कर्ज देते आणि त्यावर व्याज लावते. विक्रेता तेवढी सूट किमतीत देऊन ते भरून काढतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो, आणि बऱ्याच वेळा प्रोसेसिंग फीसुद्धा. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. मसअला आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. पण कागदावर तो व्याजाचाच व्यवहार आहे, एवढे माहीत असून मगच विचारावा. अब्बांची अट स्पष्ट होती, म्हणून आमच्या तक्त्यात "एकरकमी" हाच शब्द लिहिला.

आता बेरीज. मोटोचे ११,९९९, त्यात कव्हर आणि काचेचे अंदाजे ३०० : ₹१२,२९९. सॅमसंगचे १३,४९०, कव्हर-काच ३००, आणि डब्यात नसलेल्या चार्जरसाठी चांगल्यातला धरला तर आणखी हजार : ₹१४,७९०. पहिला मर्यादेत राहून सतराशे रुपये वाचवतो, दुसरा ७९० रुपयांनी बाहेर जातो.

माझे मत मोटोच्या बाजूने पडले. सॅमसंगचा पडदा चांगला आणि बॅटरी मोठी, हे मान्य करून. सकाळी सात ते संध्याकाळी सहा या वेळात वर्गात बसणाऱ्या मुलाला ५००० ची बॅटरी पुरते. खरी रॅम दुप्पट आणि पैसे मर्यादेत, या दोन गोष्टींनी पारडे झुकले.

पण निवडीखाली मी नेहमी एक ओळ लिहायला लावते : काय बदलले तर उत्तर बदलेल? घरात सॅमसंगला चालणारा चांगला चार्जर आधीच असेल, तर त्याचा खर्च ₹१३,७९० वर येतो आणि तो मर्यादेत बसतो; तरी रॅम चारच राहते. त्याचा सहा जीबीचा प्रकार चार्जरशिवाय ₹१३,७०० च्या आत, किंवा चार्जर घ्यावा लागणार असेल तर ₹१२,७०० च्या आत मिळाला, तर मी सॅमसंग घ्या म्हणेन. मुलाची नजर अधू असेल आणि वाचन फोनवरच होणार असेल, तर पडद्याची ओळ सगळ्यांत वर न्यावी लागेल. त्यासाठी राजारामपुरीतल्या कुठल्याही दुकानात जाऊन दोन्ही फोनवर एकच पीडीएफ उघडून पाहायला सांगते. दहा मिनिटांत मुलगा स्वतःच सांगतो.

तक्त्याचे शेवटचे काम फोन हातात आल्यावर असते. डब्यावरच्या चिकटपट्टीवर रॅम, स्टोरेज आणि एमआरपी छापलेली असते. ती पहिल्या ओळीशी ताडून पाहावी आणि मगच सील फोडावे. फोन सुरू केल्यावर `*#06#` दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. तो डब्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मग `KYM` लिहून, एक जागा सोडून, तो पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. त्या क्रमांकाच्या फोनची कंपनी आणि मॉडेल कळते. तिघांचे जुळले की वहीतल्या त्या पानावर तारीख टाकावी आणि बिल त्यालाच टाचून ठेवावे. वॉरंटीसाठी पुढच्या वर्षी तेच पान शोधायचे असते.