फॅटच्या रकान्यावरची सही

अध्यक्षपदाचा राजीनामा मी संचालक मंडळाकडे दिला आहे आणि मंडळाने तो स्वीकारला आहे. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आहे. लेसरचे उपचार झाले, पण बारीक आकडे आता माझ्याने वाचवत नाहीत. आपल्या दूध संस्थेत दर दहा दिवसांनी बिले निघतात आणि त्यांवर अध्यक्षाची सही असते. जो आकडा मला दिसत नाही त्याखाली मी सही करणार नाही, म्हणून थांबतो आहे.

सभासदाच्या हातात पडणारी रक्कम लिटरवर कमी आणि फॅटवर जास्त ठरते. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ धरून काढतात आणि पुढे पॉइंटापॉइंटाने तो वरखाली होतो. एका पॉइंटला साठ पैसे धरले, तरी रोज दहा लिटर घालणाऱ्या घराची फॅट दीडने घसरली की दहा दिवसांत नऊशे रुपये जातात. एका म्हशीवर चालणाऱ्या घरात तेवढे पैसे पेंडेला कमी पडतात.

आमच्या गल्लीतल्या एका वैनींच्या बाबतीत नेमके हेच झाले. सातच्या आसपास असणारी फॅट साडेपाचवर आली आणि गावात पाण्याची कुजबुज सुरू झाली. वैनी बिल हातात धरून माझ्याकडे आल्या. ‘‘अण्णा, पाण्याचा थेंब घालत न्हाई मी,’’ एवढेच म्हणाल्या. मी सचिवाला मागचे रजिस्टर काढायला लावले. दुधात पाणी पडले की फॅटबरोबर एसएनएफही उतरते आणि लॅक्टोमीटर खाली जातो. इथे लॅक्टोमीटर होता तिथेच होता, एसएनएफही नऊच्या खाली गेले नव्हते. पडली होती ती एकटी फॅट.

दुसऱ्या दिवशी पहाटे धारेच्या वेळी मी त्यांच्या गोठ्यात जाऊन उभा राहिलो. म्हैस नुकतीच व्यालेली. पान्हा सुटला की वैनी आधी किटली भरून घेत आणि मग रेडकाला सोडत. पहिली धार पातळ असते, सगळ्यात दाट दूध शेवटच्या धारेत उतरते, आणि ते सगळे रेडकू पीत होते. रेडकाला आधी पाजून घ्या आणि कास पूर्ण मोकळी करा, एवढे सांगितले. पुढच्या बिलात फॅट पुन्हा साडेसहाच्या वर गेली. पाण्याचा आळ घेऊन त्यांचे दूध बंद केले असते, तर एक घर संस्थेपासून कायमचे तुटले असते.

फॅट कमी लागण्याची कारणे संस्थेच्या दारातही असतात. किटली थोडा वेळ उभी राहिली की साय वर येते. न ढवळता तळातून नमुना घेतला तर फॅट कमी लागते, वरून घेतला तर जास्त. मशीनमध्ये गायीचा आणि म्हशीचा चॅनेल वेगळा असतो. घाईत चुकीचे बटण दाबले तर आकडा खोटा येतो आणि खोटा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. नळीत दुधाचा थर साचला तरी मशीन भरकटते. म्हणून आठवड्यातून एकदा काही नमुने जुन्या गर्बर पद्धतीने तपासून मशीनशी ताडून पाहा. दहा मिली ॲसिड, पावणेअकरा मिली दूध, एक मिली अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज. वेळ लागतो, टेस्टर कुरकुरतो, तरी करा. ब्युटिरोमीटरच्या दांडीवरच्या त्या रेघाच मला आता दिसत नाहीत.

नव्या अध्यक्षांना एक आकडा खास सांगून ठेवतो. सभासदांकडून घेतलेल्या दुधाची सरासरी फॅट आणि संघाने आपल्या दुधाला लावलेली फॅट शेजारी शेजारी लिहीत जा. दोन्ही जवळपास जुळली पाहिजेत. संघाची कमी येत असेल तर आपली मशीन जास्त दाखवते आहे किंवा वाटेत काही घडते आहे. संघाची सतत जास्त येत असेल तर ताळेबंदात नफा फुगलेला दिसतो, वार्षिक सभेत टाळ्या पडतात, पण तो पैसा रोज पहाटे कुणाच्या तरी बिलातून कापलेला असतो. दिवाळीला तो दूध फरक म्हणून परत दिला तरी हिशेब पुरा होत नाही. निव्वळ नफ्यातला चौथा हिस्सा कायद्याने राखीव निधीला जातो, आणि उरलेला वाटताना तो लिटरवर वाटला जातो. ज्याची फॅट मारली गेली त्यालाच तो मिळेल असे नाही. फायदा दाखवणारी संस्था मलाही आवडते, पण तो फायदा कुठून आला हे आधी विचारा.

तिजोरीच्या किल्ल्या, चेकबुके आणि ठरावांचे बुक मी उपाध्यक्षांच्या हवाली केले आहे, त्याची पोच सचिवांकडे आहे. अकरा तारखेच्या बिलावर त्यांची सही असेल. ज्यांना फॅटबद्दल शंका असेल त्यांनी बिल घरी न ठेवता त्याच दिवशी ऑफिसात यावे आणि आपल्यासमोर दुसरा नमुना लावून घ्यावा.