ऑनलाइन ठिय्या आणि पहिला दाखला

नागपुरात ठिय्यावर रोज सकाळी मजूर उभे राहतात. ठेकेदार येतो आणि ज्याचं काम त्याने आधी पाहिलंय त्याला आधी उचलतो. नवा माणूस कितीही कष्टाळू असला तरी मागे राहतो, कारण त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. अपवर्कसारख्या ऑनलाइन बाजारातही हेच घडतं. तिथे ओळखीची जागा रिव्ह्यूने घेतली आहे. आधीच्या ग्राहकाने दिलेले तारे आणि दोन ओळी नसतील, तर पुढचा ग्राहक तुमच्या नावावर थांबत नाही. काम नाही म्हणून रिव्ह्यू नाही, आणि रिव्ह्यू नाही म्हणून काम नाही.

आम्ही उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासिकेत पदवीधर पोरापोरींबरोबर बसतो. स्पर्धा परीक्षेची दोन-तीन वर्षं झाली की त्यातले अनेक जण घरबसल्या कामाकडे वळतात, खातं उघडतात, पन्नास ठिकाणी अर्ज टाकतात आणि महिन्याभरात सोडून देतात. त्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळालेला असतो : सुरुवातीला भाव पाडा. आमचा वाद या सल्ल्याशी आहे.

भाव पाडून ग्राहकाची शंका मिटत का नाही? कारण त्याची शंका पैशांची नसते. हा माणूस काम वेळेत देईल का, समजून करेल का, मध्येच गायब होईल का, हे त्याला कळत नसतं. अगदी कमी भाव पाहून ती शंका उलट वाढते. अमांडा पॅलिस या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हे प्रयोग करून तपासलं. अपवर्कचं पूर्वीचं रूप असलेल्या ओडेस्कवर त्यांनी अर्ज करणाऱ्यांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ९५२ जण निवडले, त्यांना डेटा एंट्रीचं छोटं काम दिलं, मजुरी दिली आणि कामाचा अभिप्राय नोंदवला. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या अननुभवी लोकांना हे एक काम मिळालं, त्यांना पुढे इतरांकडूनही जास्त काम आणि जास्त कमाई मिळाली. माणसं तीच होती, कौशल्यही तेच होतं. फक्त त्यांच्याबद्दलची माहिती बाजारात आली होती. म्हणजे नव्या माणसाकडे कमी असते ती माहिती. मग रिव्ह्यू येण्याआधी ही माहिती दुसऱ्या कुठल्या मार्गाने देता येईल, हा खरा प्रश्न आहे.

अभ्यासिकेतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. समाजशास्त्रात बी.ए., टायपिंग चांगलं, इंग्रजी वाचायला-लिहायला पक्कं, बोलायला अडखळतं. तिने प्रोफाइलच्या शीर्षकात डेटा एंट्री, टायपिंग, भाषांतर, सोशल मीडिया असं सगळं एकत्र लिहिलं होतं. डेटा एंट्रीच्या रांगेत जगभरातले हजारो लोक उभे आहेत आणि त्यांच्यापाशी शेकडो रिव्ह्यू आहेत. तिथे तिचा नंबर लागणार नव्हता. आम्ही विचारलं, तुला असं काय येतं जे मनिला किंवा ढाक्यातल्या माणसाला येणार नाही? ती म्हणाली, "दादा, मला आपल्या लोकांची बोली समजते."

हेच तिचं भांडवल ठरलं. विद्यापीठांतले संशोधक आणि संस्था विदर्भात मुलाखती घेतात, रेकॉर्डिंग करतात, आणि मग ते ऐकून मराठीत उतरवून इंग्रजीत आणणारा माणूस शोधतात. वऱ्हाडी-नागपुरी बोलणारी म्हातारी बाई, मागे पंख्याचा आवाज, मध्येच नातवाचं रडणं, हे पुस्तकी मराठीवाल्याला झेपत नाही. शीर्षक बदललं : Marathi–English Interview Transcription. अशी कामं कमी निघतात, पण निघतात तेव्हा रांगही लहान असते. परिचयाच्या पहिल्या दोन ओळींत तिने वैदर्भी बोलीच्या मुलाखती आणि संशोधनाची पार्श्वभूमी एवढंच लिहिलं, कारण शोधयादीत ग्राहकाला सुरुवातीचाच मजकूर दिसतो. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, ही वाक्यं काढली. ती प्रत्येकाच्या प्रोफाइलवर असतात, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

दुसरा भाग नमुन्याचा. तिने आपल्या आजीची, तिच्या परवानगीने, पाच मिनिटांची मुलाखत रेकॉर्ड केली आणि त्याचं दोन पानी काम पोर्टफोलिओत ठेवलं. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, दर अर्ध्या मिनिटाला वेळेची नोंद, कोण बोलतंय त्याची खूण आणि न कळलेल्या जागी 'अस्पष्ट' अशी स्पष्ट नोंद. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. न ऐकू आलेलं वाक्य अंदाजाने भरणारा माणूस संशोधकाला नको असतो, आणि नमुन्यात प्रामाणिकपणा दिसला की तो वेगळा सांगावा लागत नाही. 'ठिय्या' या शब्दाचं तिने नुसतं भाषांतर केलं नाही. शब्द तसाच ठेवून खाली एका ओळीत अर्थ दिला. एक पथ्य मात्र पाळा. कुठल्याही संस्थेच्या खऱ्या मुलाखती नमुना म्हणून टाकू नका. त्या बोलणाऱ्या माणसाने गोपनीयतेच्या भरवशावर दिलेल्या असतात.

तिसरा भाग जुन्या कामाच्या साक्षीचा. बाजाराबाहेर केलेल्या कामाबद्दल जुन्या ग्राहकाकडून शिफारस मागवून प्रोफाइलवर लावण्याची सोय अपवर्कमध्ये आहे. या मुलीने एका प्राध्यापकांच्या सर्वेक्षणात दोन महिने पैसे घेऊन काम केलं होतं. त्यांनी किती मुलाखती, किती दिवसांत, काम कसं होतं, एवढं चार ओळींत लिहून दिलं. आपल्या पोरांनी अशी कामं केलेली असतात, पण ती 'काम' म्हणून मोजायची सवय नसते.

आता अर्ज. इथे अर्ज फुकट नाही. प्रत्येक अर्जाला कनेक्ट नावाची टोकनं लागतात आणि एक कनेक्ट १५ सेंटला पडतो. म्हणून पन्नास ठिकाणी तोच मजकूर चिकटवणं हे स्वतःच्या खिशाला भोक पाडणं आहे. अर्जाआधी ग्राहकाकडे बघा. Payment verified लिहिलंय का? आधी त्याने किती जणांना काम दिलं? जाहिराती टाकून कुणालाच न घेणारा ग्राहक असेल तर सोडा. आधीच पन्नास अर्ज आले असतील तरी सोडा. आणि जो टेलिग्रामवर ये म्हणतो, नोंदणीसाठी पैसे भर म्हणतो, तो ठग समजा.

ग्राहकाला यादीत अर्जाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. "आदरणीय महोदय, मी अमुक तमुक" यात त्या वाया जातात. तिने सहा अर्ज केले, त्यात ५८ कनेक्ट गेले. सहाव्या अर्जाची सुरुवात अशी होती : तुमच्या मुलाखती यवतमाळच्या आहेत, तिथल्या बोलीचा माझा दोन पानी नमुना सोबत आहे, आणि तुम्हाला शब्दशः उतारा हवा की अडखळणं गाळून? हा प्रश्न काम जाणणारा माणूसच विचारतो. पुढे तिने सुचवलं, आधी एकच छोटी फाइल द्या, पसंत पडली तर बाकीच्या. ग्राहकाचा धोका तिने लहान केला, कामाचा दर्जा नाही. फुकट नमुना करून देते असंही म्हटलं नाही. फुकट मागणारे बरेचदा असेच नमुने गोळा करून काम पुरं करून घेतात.

काम मिळालं : २२ मिनिटांची फाइल, ठरलेले २० डॉलर. ग्राहकाने ते पैसे आधी अपवर्ककडे जमा केल्याचं दिसल्यावरच तिने काम सुरू केलं. ठरलेल्या रकमेच्या कामात हा नियम मोडायचा नाही. काम सादर केल्यावर ग्राहक गप्प बसला तरी १४ दिवसांनी पैसे आपोआप सुटतात, पण ते आधी जमा असतील तरच.

आता हिशोब. उतरवणं, भाषांतर आणि पुन्हा ऐकून तपासणं मिळून साडेपाच तास लागले. २० डॉलरमधून १० टक्के शुल्क आणि त्यावरचा जीएसटी गेला, बँकेत काढताना आणखी ९९ सेंट गेले. उरले १६ डॉलर ६५ सेंट. सहा अर्जांचे कनेक्ट ८ डॉलर ७० सेंटचे. हातात आले जेमतेम ८ डॉलर, म्हणजे डॉलरला ८५ रुपये धरले तर सुमारे ६७५ रुपये. तासाला सव्वाशेच्या आत.

हा हिशोब कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. पहिल्या कामाचा भाव पाडला असता, समजा १० डॉलरला घेतलं असतं, तर कनेक्टचे पैसे वजा जाता हातात काहीच उरलं नसतं. पहिलं काम हे मजुरी आणि दाखला दोन्ही मिळून असतं, पण मजुरी शून्यावर आणू नका. आणि दाखला ताऱ्यांवर थांबू देऊ नका. काम संपल्यावर दोन्ही बाजूंना अभिप्राय द्यायला १४ दिवस मिळतात. तेव्हा तिने एवढंच लिहिलं की वेळेची नोंद आणि बोलीतले शब्द उपयोगी पडले असतील तर तसा उल्लेख करावा. 'छान काम' या दोन शब्दांपेक्षा 'वऱ्हाडी मुलाखत अचूक उतरवली' हे वाक्य पुढच्या ग्राहकाला जास्त सांगतं. त्याच ग्राहकाने पुढे आणखी फाइली दिल्या, त्यासाठी एकही कनेक्ट गेला नाही.

आडनावाबद्दलही बोलायला हवं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये दाखवलं की सारख्याच पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले, तर दलित आडनावाच्या अर्जाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता कमी होते. अपवर्कच्या सार्वजनिक प्रोफाइलवर पहिलं नाव आणि आडनावाचं फक्त आद्याक्षर दिसतं. खातं मात्र ओळखपत्रावरच्या खऱ्या नावानेच उघडावं लागतं. म्हणजे इथे जात संपली का? नाही. देशातला ग्राहक फोटो, कॉलेज, गाव यातून वास काढतोच. पण पहिल्या नजरेला आडनावाऐवजी नमुना पडतो, एवढी फट आहे, आणि तिचा उपयोग करायला हरकत नाही.

उरतो तो आपल्या संस्थांचा प्रश्न. ओळखीच्यांनी एकमेकांना खोटी कामं देऊन तारे वाटणं हा नियमभंग आहे, त्यात खातं कायमचं बंद होतं, आणि ती फसवणूकही आहे. पण आपल्या संस्था, प्राध्यापक, संशोधक खरंच मुलाखती उतरवून घेतात, अहवालांची भाषांतरं करून घेतात. ते काम नेहमीच्या ओळखीच्या माणसाकडे जातं. म्हणजे आपणही ठिय्यावरच्या ठेकेदारासारखेच वागतो. वर्षातून एक छोटं, खरं, पैसे देऊन केलेलं काम नव्या माणसाला द्या, आणि ते कसं झालं हे चार नेमक्या ओळींत लिहून द्या. काम वाईट झालं असेल तर तेही लिहा. पॅलिस बाईंच्या प्रयोगात नव्या माणसाला मिळालं ते एवढंच होतं.