टीव्हीची खरी किंमत शेवटच्या पानावर



सासूबाईंना आता मंदिरापर्यंत चालवत नाही. प्रवचन त्या घरीच टीव्हीवर ऐकतात, पण आमच्या जुन्या 32 इंची टीव्हीवरची अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली. म्हणून 43 इंची टीव्ही ऑनलाइन घ्यायचं ठरलं.

पहिल्याच जाहिरातीत मोठ्या अक्षरात 20,490 रुपये लिहिलं होतं. मी खूश! मुलगा म्हणाला, "आई, पैसे भरायच्या पानापर्यंत जा, मग बोल." मी वही घेऊन बसले.

मूळ किंमत निघाली 26,990. त्यातून एक्सचेंजचे 5,000 आणि बँकेचे 1,500 वजा करून ती मोठी अक्षरं आली होती. पण एक्सचेंजच्या आधी बारीक अक्षरात 'पर्यंत' होतं. आमच्या टीव्हीची कंपनी आणि आकार भरल्यावर मिळाले फक्त 1,200. बँकेची सूट ठरावीक क्रेडिट कार्डावर, तीही हप्ते केले तरच. हप्ते बिनव्याजी म्हणतात, म्हणजे व्याजाएवढी सूट आधीच देतात. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपणच भरायचा. तो साधारण 200 रुपये, आणि प्रोसेसिंग फी जीएसटीसह 235. बेरीज झाली 24,725.

दुसऱ्या साइटवर तोच मॉडेल नंबर शोधला. तिथे एक्सचेंज नव्हतं, किंमत सरळ 24,990. आमचा जुना टीव्ही गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने 1,500 ला घेतला. म्हणजे नवा पडला 23,490 ला, 1,235 रुपयांनी स्वस्त. शिवाय एक्सचेंजमध्ये न्यायला आलेला माणूस जुना टीव्ही सुरू करून बघतो. पडद्यावर रेघ दिसली तर तो नाकारतो आणि फरक दारातच भरावा लागतो. ती धास्तीही नको.

तेवढ्यात सूनबाईने 19,990 चा एक दाखवला. त्याच कंपनीचा, 43 इंची, वर '4K सपोर्ट' लिहिलेलं. मॉडेल नंबर जुळवला तर शेवटची अक्षरं वेगळी. खाली तपशिलात रिझोल्यूशन होतं 1920 × 1080. खऱ्या 4K पडद्याला तिथे 3840 × 2160 लिहिलेलं असतं. 'सपोर्ट'चा अर्थ एवढाच की 4K व्हिडिओ चालेल, पण दिसेल फुल एचडीच. फुल एचडी वाईट नाही. केबलवरच्या मालिका बघायच्या तर तो पुरतो. पण 4K समजून घेऊ नये.

टीव्ही आला तेव्हा खोक्यावरचा नंबर बिलाशी ताडून मगच बसवून घेतला. सासूबाई आता लांबूनही अक्षरं वाचतात. वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही. पुढच्या महिन्यात नणंदेला टीव्ही घ्यायचाय.