रस्त्याचा हक्क

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. गेल्या वर्षी नववीच्या हजेरीपटावर आमच्या एक गोष्ट लक्षात आली. एक हुशार मुलगी सलग चार शनिवार गैरहजर होती. बाकी पाच दिवस ती नियमित येत असे. तिच्या अम्मीला विचारले, तर उत्तर आले, "टीचर, शनिवारी नेमकं तिचं पोट दुखतं."

मधल्या सुट्टीत आम्ही मुलीला वर्गात थांबवून घेतले. बराच वेळ ती बेंचवर नखाने रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "पुलाजवळच्या बंद दुकानाच्या ओट्यावर तीन मुलं बसतात. मी दिसले की एक जण म्हणतो, डांबर आलं, डांबर. बाकीचे हसतात. एकदा नकाब लावून गेले, तर म्हणाले, झाकून काय उपयोग, चाल ओळखू येते."

इतर दिवशी संध्याकाळी पाचला रस्त्यावर वर्दळ असते. शनिवारी साडेअकराला शाळा सुटते तेव्हा पुलाजवळ कोणी नसते. पोट दुखायचे कारण ते होते.

"घरी का नाही सांगितलंस?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "अब्बा शाळा बंद करतील आणि भाईजान मारामारी करेल."

या उत्तराने आम्हाला आमचे दिवस आठवले. आम्हीही नववीतच होतो. पिठाच्या गिरणीसमोर एक माणूस आमच्या दातांवरून बोलायचा. आम्ही कोणाला सांगितले नाही. दोन वर्षे लांबच्या रस्त्याने शाळेत गेलो आणि तोंडावर हात ठेवून हसायला शिकलो. तो माणूस आम्हाला कधीच विसरला असेल. आमचा हात मात्र अजून तोंडावर जातो.

दुसऱ्या दिवशी आम्ही आठवी ते दहावीच्या मुलींना कोरे कागद दिले. नाव लिहायचे नाही. कुठे, किती वाजता आणि काय घडते, एवढेच लिहायचे. कागद वाचताना दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली म्हणजे, बोलणे गोरीला, काळीला, जाडीला, बारीकीला, बुरख्यातलीला आणि बुरख्याबाहेरचीला सारखेच होते. म्हणजे कारण मुलीच्या रूपात किंवा कपड्यात नव्हते. दुसरी म्हणजे, एकटा मुलगा बोलल्याचे फार थोड्या जणींनी लिहिले होते. बोलणारा बहुतेक वेळा मित्रांच्या घोळक्यात होता. तो मुलीकडे पाहून बोलतो, पण ऐकवतो मित्रांना. त्याला त्यांचे हसू हवे असते. मुलगी घाबरली तरी ते हसतात, चिडून शिव्या दिल्या तरी हसतात. आपण कोणालाही काहीही बोलू शकतो, हे त्याला त्यांच्यापुढे सिद्ध करायचे असते. मुलीला "तू लक्ष देऊ नकोस" एवढेच सांगून हा खेळ थांबत नाही तो यामुळेच.

मग करायचे काय? मुलींना आम्ही सांगितले ते असे. आधी आजूबाजूला पाहा. दिवस आहे का, माणसे आहेत का, बोलणारा हाताच्या अंतराबाहेर आहे का? तिन्हींचे उत्तर "हो" असेल आणि मनाची तयारी असेल, तर चालता चालता, मोठ्या आवाजात, एकदाच म्हणा, "माझ्या रंगाबद्दल बोलू नका." शिवी नाही, प्रश्न नाही. "काय म्हणालास?" असे विचारले की त्याला पुन्हा बोलायला जागा मिळते. वाक्य संपले की थांबू नका.

तिन्हींपैकी एकही उत्तर "नाही" असेल, तर गप्प राहून निघून जाणेच योग्य. तो भित्रेपणा नाही. आमच्याच एका विद्यार्थिनीने निर्जन गल्लीत उलट उत्तर दिले, तेव्हा मोटारसायकल तिच्या मागे लागली. तिने तेव्हा एक गोष्ट बरोबर केली. ती घराकडे वळली नाही, कारण त्यामुळे घर कळले असते. ती किराणा दुकानात शिरली आणि गल्ल्यावरच्या खालाला म्हणाली, "मला इथे थांबू द्या." पाठलाग होत असेल तर असेच करावे आणि ११२ वर फोन करावा. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. समोर जाऊन व्हिडिओ काढू नये. मोबाइल हिसकावला जातो आणि वाद वाढतो.

पाहणाऱ्यांसाठीही एक काम आहे. मुलांशी भांडण्याआधी मुलीजवळ जाऊन उभे राहावे. "बेटा, एसटी गेली का?" एवढे विचारले तरी ती एकटी राहत नाही.

कायद्याचेही थोडे सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अश्लील शेरेबाजीसाठी कलम ७५, पाठलागासाठी ७८ आणि स्त्रीच्या लज्जेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी किंवा हावभावांसाठी ७९ आहे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर लैंगिक हेतूने बोललेल्या शब्दांना पोक्सो कायदाही लागतो. त्यात मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे घेता येतो, अधिकारी गणवेशात नसावा असा नियम आहे आणि तिचे नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. बदनामीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. मात्र "डांबर" म्हणणे यात सहज बसेलच असे नाही. रंगावरून केलेल्या चेष्टेला पोलिसांआधी मोहल्ल्यानेच उत्तर द्यायला हवे.

आम्ही तेच करून पाहिले. पुलाजवळच्या बंद दुकानाच्या मालकाला भेटलो. त्यांनी ओट्यावर कुंड्या आणून ठेवल्या. शनिवारी मुलींना चार-पाच जणींच्या गटाने सोडू लागलो आणि एक शिक्षक पुलापर्यंत जाऊ लागले. तिघांपैकी एक आमचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याला ओट्यावर, मित्रांसमोर आम्ही काही बोललो नाही. एकट्याला शाळेत बोलावले. रस्त्यावर बसण्याबद्दलची हदीस त्याला पाठ होती. बसणे टाळा, आणि बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क द्या, असे त्यात सांगितले आहे. "पहिला हक्क कोणता?" आम्ही विचारले. "नजर खाली ठेवणे," तो म्हणाला. "दुसरा?" "कोणाला त्रास न देणे." मग तो बराच वेळ मान खाली घालून उभा राहिला. पुढे तो ओट्यावर दिसला नाही. उरलेले दोघे बसस्थानकाजवळ बसू लागले. म्हणजे काम संपलेले नाही.

सर्वांत अवघड भेट मुलीच्या घरची होती. अब्बांनी पहिल्यांदा तेच म्हटले, "मग शाळा नको." आम्ही म्हणालो, "ओट्यावर बसणारा घरी बसला नाही, मग तिने का बसावे?" ते काही बोलले नाहीत. भाईजानकडून अम्मीने वचन घेतले की हात उचलायचा नाही. शनिवारी बहिणीला आणायला मात्र यायचे.

मुलगी आता दहावीत आहे. गेल्या शनिवारी ती हजर होती. पुलाजवळ ती अजूनही पावले झपाझप टाकते, हे आम्ही मागून चालताना पाहिले.