‘शुक्रन’ने काम भागत नाही तेव्हा

तुमच्या घरातलं कुणी आखातात असेल तर ‘शुक्रन’ हा शब्द तुम्हाला नक्की माहीत असेल. मीही तेवढ्याच भांडवलावर कुवेतला ताईकडे गेले होते. तिचं बाळंतपण जवळ आलं होतं, आईच्या गुडघ्यांना प्रवास झेपणार नव्हता आणि मी पडले घरून काम करणारी कंटेंट रायटर. म्हणून मी.

ताई ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, त्याच्या मालकीणबाई कुवेती आजी आहेत. ताई त्यांना ‘खालती’ म्हणते. खालती म्हणजे माझी मावशी. पण त्या खालच्याच मजल्यावर राहत असल्यामुळे पहिले दोन दिवस मला तो मराठी शब्दच वाटत होता!

मी बॅग घेऊन दारात पोहोचले तेव्हा त्या म्हणाल्या, “अल-हम्दिल्ला अला सलामा.” मी हसून म्हटलं, “शुक्रन.” त्या माझ्याकडे बघत क्षणभर थांबल्या. मग ताईच घाईने म्हणाली, “अल्ला यसल्लमिच, खालती.”

वर गेल्यावर ताईने समजावलं. त्या वाक्याचा अर्थ, सुखरूप पोहोचलीस, देवाची कृपा. प्रवासाहून आलेल्याला, आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला, सगळ्यांना हेच म्हणतात. आणि उत्तर ठरलेलं असतं : देव तुम्हालाही सुखरूप ठेवो. ‘शुक्रन’ म्हणणं काही उद्धटपणा नाही, पण समोरच्याने दिलेला आशीर्वाद परत करायचा राहून जातो. आपल्याकडे कुणी निघताना “येते हं” म्हणावं आणि आपण “ये” न म्हणता “थँक्यू” म्हणावं, तसं काहीसं.

एकदा हे कळलं की बरीचशी उत्तरं आपली आपण जुळवता येतात. समोरच्याच्या वाक्यातला मुख्य शब्द उचलायचा आणि देवाच्या नावाने त्यालाच परत द्यायचा. ‘सलामा’ म्हटलं की ‘अल्ला यसल्लमिच’. काम करताना बघून कुणी “यातिच अल-आफ्या”, म्हणजे देव तुला बळ-आरोग्य देवो, असं म्हणालं की “अल्ला याफीच”. मी न्हाऊन ओल्या केसांनी खाली गेले तर खालती म्हणाल्या, “नईमन!” त्यालाही उत्तर आहे : “अल्ला यिनइम अलेच.” ओल्या केसांसाठी आशीर्वाद! आपल्याकडे आई फक्त “केस पूस, सर्दी होईल” म्हणते.

शेवटचा तो ‘च’ मात्र सांभाळा. तो फक्त बाईशी बोलताना येतो, पुरुषाशी बोलताना तिथे ‘क’ येतो. माझा घोटाळा नेमका इथेच झाला. माझ्याशी सगळे ‘च’ लावून बोलत, म्हणून मी तेच पाठ केलं आणि खालतींच्या मुलाला ऐटीत विचारलं, “शलोनिच?” दाढीवाला माणूस आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. त्याला ‘शलोनक’ म्हणायला हवं होतं, काहींच्या तोंडी ते ‘शलोनिक’ होतं. शब्दशः अर्थ, तुझा रंग कसा आहे? अर्थात उत्तरात कुणी रंग सांगत नाही आणि पाठदुखीही सांगत नाही. “ज़ैन, अल-हम्दिल्ला” म्हणायचं आणि उलट तेच विचारायचं. मग घरचे कसे, काय खबर, असं तेच दोन-तीनदा वेगळ्या शब्दांत होतं आणि प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं. मला सुरुवातीला हा वेळकाढूपणा वाटायचा. “किती वेळा सांगू, बरी आहे!” असं मनात यायचं.

ताईचं सिझेरियन झालं. रक्तस्राव थांबेना म्हणून दोन दिवस डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. भावोजी हॉस्पिटलमध्ये, मी घरी फोन हातात घेऊन. त्या दोन दिवसांत खालती रोज वर येऊन माझ्याजवळ बसत. आमच्यात मिळून वीस शब्द असतील.

पाचव्या दिवशी ताई घरी आली. खालती झाकलेलं पातेलं घेऊन जिना चढून आल्या आणि पलंगाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, “अल-हम्दिल्ला अला सलामा.” ताईने तोंड उघडलं, पण तिचा गळा दाटून आला. उत्तर अडकलंच.

“अल्ला यसल्लमिच, खालती,” मी म्हणाले. आणि ताईनेच शिकवलेलं पुढचं, “मा गस्सरती.” तुम्ही काही कमी पडू दिलं नाहीत.

त्यांनी मान हलवली, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि मग माझ्याकडे वळल्या. “व इन्ती? शलोनिच?”

“ज़ैना, अल-हम्दिल्ला,” मी म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.