फळ्यावरचे सात आकडे

एका फोटोतल्या फळ्यावर एक ॲरे आहे: सात चौकोन आणि त्यांत ४२, १७, ६३, ८, २९, ५१, ३५. खाली प्रश्न आहे की बबल सॉर्टने चढता क्रम लावा, प्रत्येक पासनंतरचा ॲरे लिहा आणि मग बायनरी सर्चने ४२ शोधा. वर्गात शिकवताना मला यातलं ‘प्रत्येक पासनंतर’ सगळ्यात मोलाचं वाटतं. शेवटची ओळ कुणीही नुसत्या नजरेनं लिहील. पद्धत कळली की नाही, ते मधल्या ओळी सांगतात.

शेजारच्या दोघांची तुलना करायची, डावा मोठा असेल तर अदलाबदल करायची आणि एक घर पुढे सरकायचं. पहिल्या पासमध्ये ४२ आणि १७ जागा बदलतात, ४२ आणि ६३ तसेच राहतात. मग ६३ हा ८, २९, ५१, ३५ या सगळ्यांना ओलांडून थेट टोकाला पोचतो.

```
मूळ   : ४२ १७ ६३  ८ २९ ५१ ३५
पास १ : १७ ४२  ८ २९ ५१ ३५ ६३
पास २ : १७  ८ २९ ४२ ३५ ५१ ६३
पास ३ :  ८ १७ २९ ३५ ४२ ५१ ६३
पास ४ :  ८ १७ २९ ३५ ४२ ५१ ६३
```

चौथ्या पासमध्ये एकही अदलाबदल झाली नाही, म्हणून इथे थांबायचं.

आता फक्त ८ वर नजर ठेवा. ६३ एकाच पासमध्ये चार घरं उजवीकडे गेला, पण ८ ला तीन घरं डावीकडे यायला तीन पास लागले. तुलना डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे लहान आकडा एकदा डावीकडे सरकला की त्या पासमध्ये पुन्हा त्याची पाळी येत नाही. एखाद्या वहीत दुसऱ्या पासनंतरच ८ पहिल्या घरात दिसला, तर ती ओळ अंदाजानं लिहिली आहे हे मी बाकीचे आकडे न पाहता सांगू शकते.

बायनरी सर्चमध्ये घरांचे क्रमांक ० ते ६. मधलं घर ३, तिथे ३५. ४२ मोठा, म्हणून डावी बाजू सोडली. ४ ते ६ मधलं घर ५, तिथे ५१. उजवी बाजू सोडली. उरलं घर ४, तिथे ४२. तीन तुलनांत काम झालं.

हाच शोध मूळ ॲरेवर घेऊन पाहावा. मध्ये ८, म्हणून उजवीकडे. मग ५१, म्हणून डावीकडे. मग २९, आणि पुढे घरच उरत नाही. उत्तर येतं ‘सापडला नाही’, आणि ४२ तर पहिल्याच घरात बसलेला! प्रोग्राम कसलीही तक्रार न करता हे चुकीचं उत्तर देतो, म्हणून ही चूक मला फार धोक्याची वाटते.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून विचारते. शोधाचं उत्तर ४ आलं, पण फोटोत ४२ घर ० मध्ये आहे. मूळ जागा हवी असेल, तर क्रम लावताना प्रत्येक आकड्यासोबत त्याचा जुना घरक्रमांकही हलवावा लागतो.