इतर हक्क

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वकिलांना न दाखवता लिहितोय. पुढेमागे ते कोर्टात दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखव. यातला एकही शब्द मी तिथे नाकारणार नाही. ‘चुकलं असेल तर माफ कर’ एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. आपल्याकडे भांडणं तशीच मिटवतात, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणून. पण त्या ‘असेल’मध्ये सगळं झाकलं जातं, आणि मला काही झाकायचं नाही.

अण्णा गेले आणि महिन्याभरात मी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. वारस तिघं लिहिले: आई, तू, मी. तिथवर खोटं काही नव्हतं. पण फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात, हे मला माहीत होतं. तुझी नोटीस तुमच्या कराडच्या जुन्या भाड्याच्या घरी गेली, कारण तोच पत्ता मी दिला होता. तुम्ही घर बदललं तेव्हा सामान उतरवायला मीच आलो होतो, ताई. हरकत आली नाही आणि नोंद झाली.

तो सातबारा आत्ता समोर आहे. भोगवटादाराच्या रकान्यात एकटं माझं नाव. उजवीकडे ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो. त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, विहिरीच्या पाण्याचा हिस्सा आहे, आणि त्यांच्या खाली आईचं नाव आणि तुझं नाव. ज्या रानात तू घेवड्याच्या शेंगा तोडायला माझ्यापेक्षा आधी उतरत होतीस, त्याच्या कागदावर तुला मी बोज्याच्या ओळीखाली बसवलं. कोरेगाव तालुक्यात असे सातबारे काढायला बसलं तर ढीग लागेल, आणि तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घालत होतो. सगळेच करतात, मग मी काय वेगळं केलं? सगळ्यांनी केलं म्हणून ते तुझ्या बाबतीत कमी होत नाही.

मग ती भाऊबीज. तू ओवाळलंस, तबक खाली ठेवलंस, आणि निरांजन विझायच्या आत मी पिशवीतून हक्कसोडपत्राचा मसुदा काढला. ओवाळणी घालायच्या वेळी मी मागायला बसलो. साडी आणली होती, तीही त्या कागदाखाली ठेवलेली. तू वाचलंस आणि एवढंच म्हणालीस, “मला जमीन नको रे, पण माझं नाव का पुसतोस?” त्यावर मी जे बोललो ते पुन्हा लिहितो, कारण ते मी बोललोच नाही असं नंतर मामांना सांगत फिरलो. मी म्हणालो, “तुझा हिस्सा लग्नातच दिला. आता सही केलीस तर माहेर राहील.” आईचं घर मी तुला सहीच्या भावात विकायला काढलं होतं. आई आत होती. तिने ऐकलं.

कायद्याचंही मी तुला खोटंच सांगितलं. तुझं लग्न १९९१चं आणि महाराष्ट्राचा कायदा १९९४चा, त्या कायद्याने आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं, हे खरं. पण २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला, त्यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद ठेवला नाही. मुलीचा हक्क मुलासारखाच जन्मापासूनचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट करून टाकलं. हे सगळं वकिलांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी तुला अर्धंच सांगितलं.

हिशोबही अवघड नव्हता. वडिलोपार्जित जमीन एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. अण्णा जाण्याच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं धरायचं: अण्णा, आई, तू, मी, चौघांना पाव-पाव. मग अण्णांचा पाव हिस्सा आपल्या तिघांत सारखा. शेवटी प्रत्येकाला बरोबर एक तृतीयांश, चाळीस आर, एकेक एकर. तुझ्या एका एकरासाठी मी तुला कोर्टाची पायरी चढायला लावली.

आणि आता कैफियत. भाऊबीजेला जे बोललो ते रागात होतं, असं म्हणता येईल. कैफियत मी थंड डोक्याने दिली. तिच्या सातव्या परिच्छेदात आहे, ‘वादीने मयताच्या आजारपणात कधीही विचारपूस केली नाही.’ साताऱ्याच्या दवाखान्यात अण्णांच्या उशाशी रात्री तू बसत होतीस. त्यांचा हात सुजला होता, सलाईनची सुई बसत नव्हती, तेव्हा तो हात मांडीवर घेऊन एकेक बोट शेकत होतीस. त्यांची नखं वाढली होती ती तू कापलीस, करंगळीचं नख कापताना ते हसले, तू मला बाहेर येऊन सांगितलंस. मी तेव्हा आल्याच्या लागणीत अडकलो होतो, दोन-तीन दिवसांनी यायचो. तरी त्या परिच्छेदाखाली ‘वरील मजकूर खरा व बरोबर आहे’ म्हणून माझी सही आहे. आईचीही आहे. तिला मी तो वाचून दाखवला नव्हता. परवा दाखवला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि तिने बोलावं असं मी म्हणू शकत नाही.

त्या वर्षी आल्याचा भाव पडला होता, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो, सबब म्हणून नाही. तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं का माहीत नाही, पण मी मागितलं असतं तर तू दिलं असतंस.

आता काय करणार ते. पुढच्या तारखेला सातवा परिच्छेद खोटा होता असं मी कोर्टाला लेखी देणार. त्याचं जे व्हायचं ते होऊ दे. दावा लोकअदालतीत ठेवू. तिथल्या तडजोडीवर अपील नसतं, म्हणजे उद्या माझं मन फिरलं तरी मला मागे येता येणार नाही. मला तेच हवं आहे. तडजोडीत तीन गोष्टी लिहून घे. एक, तुझं आणि आईचं नाव भोगवटादाराच्या रकान्यात. दुसरी, सोसायटीचा बोजा एकट्या माझ्या हिश्श्यावर, कारण पैसे मीच उचलले. तिसरी, विहिरीची पाळी तिघांना सारखी. पाणी नसलेला एकर घेऊन काय करशील? मोजणी करून जमिनीचे तीन तुकडे मी पाडतो, पण आधी तू निवडायचा, मग आईने, उरेल तो माझा. रस्त्याकडचा घेतलास तरी माझी हरकत नाही. अण्णा गेल्यापासूनच्या पिकाच्या वह्या सोबत पाठवतो. खर्च वजा जाता तिसरा हिस्सा तुझा निघतो; तो एकरकमी देणं आज जमणार नाही, दर हंगामाला देईन, तेही तडजोडीत लिही.

भाऊबीजेला येऊ का, हे मी विचारत नाही. फोनही करू नये असं वाटलं तर करू नकोस. आई मात्र वाट बघते, तिच्याशी बोल. तुम्ही बोलाल तेव्हा मी घरात नसेन.

आणि ताई, तडजोडीचा मसुदा आला की भाऊजींना आणि तुझ्या वकिलांना ओळ न् ओळ वाचायला दे. गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघ. माझ्या शब्दावर सही करू नकोस.

तुझा धाकटा